कोल्हा जरा हळू घ्या

लेखकाच्या डोक्यात प्रत्येक पात्राला एक आवाज असतो, आणि तो सगळ्या पात्रांना मिळून एकच असतो. लेखकाचा स्वतःचा. छापील पुस्तकात हे झाकून जातं, कारण वाचणारी आई किंवा आजोबा आपापला आवाज घालतात आणि लेखक तिथे हजर नसतो. ऑडिओबुक निघायचं ठरलं की मात्र लेखकाला हजर राहण्याची संधी मिळते. आणि संधी मिळाल्यावर गप्प बसणारा लेखक मी तरी अजून पाहिलेला नाही.

माझं पुस्तक नवी मुंबईच्या खाडीवरचं. नेरूळच्या तळ्यावर उतरलेल्या थव्यातून रोहित पक्ष्याचं एक पोर चुकतं. रोहित म्हणजे आमच्या सोसायटीत ज्याला झाडून सगळे फ्लेमिंगो म्हणतात तो. या पोराचं नाव फुफू. त्याला चिखलात एक निवटी भेटते, चिनू, मिनू आणि टिनू ही तीन खेकडाभावंडं भेटतात, कांदळवनातला एक कोल्हा भेटतो, आणि शेवटी करावे गावातली एक आगरी आजी त्याला थव्याची दिशा दाखवते. पानं ४८, शब्द सुमारे ४,८००. कोल्हा मी पदरचा घातलाय असं पुण्याच्या एका समीक्षकांना वाटलं होतं. पण आमच्याकडे खारफुटीत कोल्हे खरोखर राहतात आणि खारघरच्या बाजूला रात्री रस्त्यावरही येतात. सिडकोने १९७० पासून एवढं शहर वसवलं, पण कोल्ह्यांना कोणी इथून जा म्हणून सांगितलेलं दिसत नाही.

ऑडिओ कंपनीतल्या मुलाने निवेदिकेचा नंबर दिला आणि म्हणाला, "सर, काही सूचना असतील तर त्यांना थेट पाठवा. थोडक्यात." त्याचा शेवटचा शब्द मला नीट ऐकू आला नसावा.

निवेदिका खारघरला राहणारी, मूळची नागपूरची. पहिल्याच फोनला तिने मला "काका" करून टाकलं. मी मनात "सर" ची तयारी ठेवली होती. पण काका म्हणणाऱ्या मुलीवर रागावताही येत नाही आणि तिला बिनधास्त सूचनाही देता येतात, म्हणून मी ते पद स्वीकारलं आणि कामाला लागलो.

माझ्या पहिल्या सूचना अशा होत्या. फुफू: आवाज गुलाबी असावा. निवटी: आवाज ओला, पण चिकट नको. खेकडे: कुरकुरीत. कोल्हा: खुनशी, दात खाऊन. आजी: प्रेमळ, पण भांडकुदळ, पण मुळात प्रेमळ.

हे लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे आवाज आहेत की फरसाण?"

निवेदिकेने मात्र शांतपणे विचारलं, "काका, गुलाबी आवाज कुठून काढू? नाकातून, घशातून, की छातीतून?"

मी म्हणालो, "म्हणजे असा... कोवळा. पिसासारखा."

"पण पिल्लू करडं असतं ना? तुम्हीच पान तीनवर लिहिलंय की मोठं होईस्तोवर ते गुलाबी होत नाही."

हे खरं होतं. लेखकाचं पुस्तक त्याच्याहून काळजीपूर्वक वाचणारा माणूस भेटला की पहिल्यांदा आनंद होत नाही, संशय येतो.

मग तिने मला उलट एक कागद पाठवला. प्रत्येक पात्रापुढे चार प्रश्न. वय काय? घाईत असतं की निवांत? बोलताना दम लागतो का? आणि ज्याच्याशी बोलतं तो त्याच्यापेक्षा उंच आहे की ठेंगणा? विशेषणं नकोत, म्हणाली. विशेषणाला गळ्यात जागा नसते. वय सांगितलं की आवाज आपोआप जड किंवा हलका होतो, घाई सांगितली की शब्दांतली अंतरं ठरतात, दम सांगितला की वाक्य कुठे तुटेल ते कळतं. उंचीचा प्रश्न मला चहाटळपणा वाटला होता. पण वर बघून बोलणाऱ्याची मान ताणते आणि आवाज पातळ होतो, खाली बघून बोलणाऱ्याचा जाड होतो, हे तिने फोनवर करून दाखवलं. मीही करून पाहिलं. नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यातून उतरत होती. दोन दिवस ती माझ्याकडे बघून हसत होती.

कागद भरायला बसलो आणि ध्यानात आलं की मला निवटीचं वय माहीत नाही. सहा वाक्यांचं पात्र, त्याची पत्रिका कोण करून ठेवतो? तिला मी एवढंच सांगू शकलो की निवटी हा चिखलावर उड्या मारणारा मासा आहे, आणि पाण्याबाहेर येताना तो गालफडांत पाणी धरून येतो.

"हे आधी नाही का सांगायचं!" ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी फोनवर कोणीतरी गाल भरून, दोन दोन शब्दांत, मध्ये उडी मारावी तसं थांबत बोलायला लागलं. तोंडात पाण्याचा थेंब नव्हता तिच्या, नुसतं गाल फुगवून केलेलं होतं. तीच निवटी होती. ओली होती आणि चिकट नव्हती. मी त्या सूचनेचं श्रेय अजूनही सोडलेलं नाही.

फुफूचं प्रकरण वेगळ्या दिशेला गेलं. मी मंजुळ आवाज धरून बसलो होतो. ती एका पहाटे भावाबरोबर डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर जाऊन, पक्षी ऐकून आली. परत येऊन तिने जो नमुना पाठवला, तो ऐकून मला वाटलं फोन बिघडला. रोहित पक्षी दिसायला जितका नाजूक तितका बोलायला राकट. बदकाच्या मोठ्या भावाने, हंसाने, नाकातून ओरडावं तसा.

"अहो, हे काय!" मी म्हणालो.

"काका, ते असेच बोलतात."

"पण मुलांना वाटेल—"

"मुलं ऐकून आलीत. त्यांच्या शाळा तिथेच आहेत."

तडजोड अशी झाली की फुफू साध्या मुलाच्या आवाजात बोलेल आणि फक्त घाबरला की त्याच्या वाक्याच्या शेवटी तो नाकातला सूर फुटेल. पुस्तकभर हा सूर चारदा येतो. चारही वेळा माझा नातू पोट धरून हसला, मंजुळ वाक्यांना तो एकदाही हसला नाही. माझ्या सगळ्या मंजुळ वाक्यांवर मी अजून विचार करतो आहे.

मला वाटत होतं, जितकी पात्रं तितके निरनिराळे आवाज काढले की निवेदन उत्तम. म्हणून मी तिला लिहिलं होतं, "अलबत्या गलबत्यामधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण डोळ्यासमोर ठेवा." ती म्हणाली, "ठेवली. पण ती चेटकीण नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला निघाली होती. माझा श्रोता माझ्या ओठांपासून एक वीतभर लांब आहे, आणि तो पांघरुणात आहे." रंगमंचावरचा आवाज इअरफोनमध्ये सोडला की मूल ते कानातून काढून टाकतं. त्यातून चिरका आवाज पाच मिनिटं गमतीचा असतो आणि नंतर तो ऐकणाऱ्याच्या कानाला आणि काढणाऱ्याच्या घशाला सारखाच टोचतो. म्हणून तिचा हिशोब सरळ होता. पाया म्हणजे गोष्ट सांगणारीचा स्वतःचा, साधा आवाज. त्यावर पूर्ण वेगळे आवाज फक्त तिघांना: निवटी, कोल्हा, आजी. बाकीच्यांना आवाज नाही, नुसती सवय द्यायची.

सवयीचा खरा कस लागला तो खेकड्यांना. चिनू, मिनू, टिनू. किती गोड नावं! छापील पुस्तकात चित्रकाराने एकाला लाल, एकाला निळा आणि एकाला मोडक्या नांगीचा केला होता, त्यामुळे कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. कानाला रंग दिसत नाहीत. पहिल्या नमुन्यात तिघे एकमेकांशी भांडतात तो प्रसंग ऐकताना मला स्वतःला कळेना की कोण कोणाला चावलं. मी तो प्रसंग लिहिलेला होता, तरीही.

"नावं बदलू या का?" तिने विचारलं.

"पुस्तक छापून झालंय."

"मग एकाला दम लावते." आणि तिने तसं केलं. चिनू प्रत्येक वाक्य धावत धावत बोलतो. मिनू सगळं प्रश्नासारखं बोलते, साधं 'पाणी आलं' सुद्धा. टिनू नेहमी एक क्षण उशिरा बोलतो, कारण मोडकी नांगी. आवाज तिघांचा एकच, ताल तीन. आणखी एक गोष्ट तिने माझ्याकडून मागून घेतली: जिथे तिघे एका दमात बोलतात तिथे 'म्हणाला' आधी आणा.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण यात मी पुरता अडकलो. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लेखक ऐटीत लिहितो: "पळा पळा, भरती आली!" असं टिनू कानात कुजबुजला. वाचणारी बाई बिचारी "पळा पळा" असं बोंबलून मोकळी होते, आणि वाक्याच्या शेवटी तिला कळतं की हे कुजबुजायचं होतं. आईने घरी वाचताना हे झालं तर ती हसून "अगं बाई, कुजबुजला म्हणे" असं म्हणते आणि पुन्हा वाचते. रेकॉर्डिंगमध्ये ते पुन्हा घ्यावं लागतं, आणि पुस्तकात मी जिथे जिथे कुजबुजलो होतो तिथे तिथे घ्यावं लागतं. म्हणून मुरलेले निवेदक आधी अख्खं पुस्तक मनात वाचून प्रत्येक संवादाच्या आधी समासात पेन्सिलीने लिहून ठेवतात: कोण, कोणाशी, कसं. माझ्या समासात मात्र तिला जागाच नव्हती. तिथे आधीपासून मी होतो.

आता कोल्हा.

कोल्ह्यावर माझा फार जीव. सूचनांचं सगळ्यात मोठं पान त्याचंच. "खुनशी. दात खाऊन. प्रत्येक शब्द चावून टाकावा. मुलांना धडकी भरली पाहिजे, पण झोपेवर परिणाम होता कामा नये." शिवाय मी कोल्ह्याच्या आवाजात स्वतः चार-पाच व्हॉइस नोट पाठवल्या होत्या. त्यांतली एक चुकून सोसायटीच्या ग्रुपवर गेली, आणि "आज रात्री तुला गिळणार" हे ऐकून आमच्या सेक्रेटरींनी थकलेला मेंटेनन्स भरून घ्यायला तोच उपाय सुचवला.

निवेदिकेचा फोन आला. "काका, तुम्ही लिहिलंय दात खाऊन बोलायचं."

"हो. जमेल ना?"

"जमेल. पण पान ४६ वर कोल्हा तोंड उघडतो आणि फुफूला दिसतं की त्याला एकही दात नाही. कधीच पडून गेलेत. मग मी खायचे काय?"

क्षणभर मी गप्प. मग म्हणालो, "तो आठवणीतले दात खातो."

"ते छापील पुस्तकात चालतं," ती म्हणाली. ही मुलगी मूळची नागपूरचीच.

पुस्तकाचं सगळं गुपित त्या पान ४६ वर आहे. सबंध खाजण ज्याला घाबरतं तो कोल्हा म्हातारा, बोळका आणि उपाशी आहे. त्याला कोणाला गिळायचं नसतं, नुसतं बोलायला कोणी हवं असतं. कागदावर मी ते ४५ पानं लपवलं, कारण कागदाला तोंड नसतं. पण ऐकताना काय करायचं? बोळका माणूस त, थ, द, ध, स या अक्षरांना अडखळतो, जीभ टेकायला दातच नसतात. पहिल्या वाक्यापासून तसं बोलली तर मुलांना पान दहावरच कळणार की हे तर आपले पणजोबा. आणि पहिल्यापासून ठणठणीत बोलून पान ४६ वर एकदम बोळकी झाली, तर घरातलं हुशार पोर पाच सेकंदात विचारणार, "मग आधी दात कुठून आणलेले?" मुलं याबाबतीत वकिलापेक्षा वाईट.

मी सुचवलं, "आधी दात खाऊन बोला, शेवटी बोबडं. मुलं विसरतात."

"काका, मुलं एकच गोष्ट रोज ऐकतात. दुसऱ्या दिवशी ती आधी शेवट ओळखून मग सुरुवात ऐकतात."

मग तिने काय केलं ते सांगतो, कारण त्यात माझा वाटा फक्त ऐकण्याचा आहे. तिने कोल्ह्याची सगळी वाक्यं एका कागदावर काढली आणि त, थ, द, ध, न, स, ल या अक्षरांखाली रेघा मारल्या. माझा लाडका संवाद होता: "दचकू नकोस, तुला दातांनी सोलतो." त्यात रेघांशिवाय काही उरलं नाही. ती म्हणाली, शब्द बदला. मग मी बदलले. आता कोल्हा म्हणतो फक्त "ये. अजून पुढे ये." त्यात जीभ दातांना फारशी लागतच नाही.

आणि आवाज? जोर सगळा काढून टाकला. कोल्हा हळू बोलतो. ओठ जेमतेम उघडतो. दोन शब्द बोलतो, थांबतो, जणू पुढचा शब्द शोधतो आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की याला घाई नाही, याला खात्री आहे, आणि भीती वाटते. पान ४६ कळल्यावर तेच मूल दुसऱ्यांदा ऐकतं तेव्हा कळतं की तो ओठ मिटून बोलत होता, कारण आत काही नव्हतं. आवाज तोच, एकही शब्द पुन्हा रेकॉर्ड करायचा नाही. मी तिला विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?" ती म्हणाली, "तुम्ही एका नोटमध्ये लिहिलं होतं, 'कोल्हा जरा हळू घ्या.' बाकी सगळ्या नोटच्या विरुद्ध होतं ते, पण तेवढंच कामाचं होतं." मला ती नोट लिहिल्याचं मुळीच आठवत नाही. बहुधा तेव्हा दुपारचं जेवण झालं असावं.

हळू या शब्दाने मात्र इतर ठिकाणी घोळ घातला. माझी दुसरी लाडकी समजूत अशी की मुलांना सगळं हळूहळूच सांगायचं असतं. मी स्वतः आरशासमोर बसून पुस्तक वाचलं तेव्हा ते अर्ध्या तासात संपलं, म्हणजे मिनिटाला १६० शब्द. पण तो मी. निवेदिकेचा मुलांसाठीचा नेहमीचा वेग थांबण्यांसकट मिनिटाला १२० च्या आसपास, म्हणजे ४,८०० शब्दांना ४० मिनिटं. मी लिहिलं, "फार वेगात आहे. निम्मा करा." ती म्हणाली, निम्मा नाही, ८० करून दाखवते. त्या हिशोबाने अख्खं पुस्तक एक तास भरणार होतं. पहिलं प्रकरण तिने तसं पाठवलं. "एऽऽका तळ्याऽऽकाठी..." हार्बर लाइनवरच्या स्टेशनच्या घोषणेसारखं ते चाललं होतं, प्रत्येक वाक्यानंतर मला वाटायचं आता 'सीवूड्स दारावे' येणार.

माझ्या नातवाला ऐकवलं. तिसऱ्या मिनिटाला त्याने विचारलं, "आजोबा, ही आजारी आहे का?"

वेगाचं गणित तिने मला नंतर समजावलं. शब्द ताणला की मूल शब्दच ओळखत नाही, कारण रोजच्या बोलण्यात तो शब्द त्याने तसा कधी ऐकलेला नसतो. शब्द बोलण्याच्या वेगातच ठेवायचा. वेळ द्यायचा तो वाक्यानंतर. मुलाच्या डोळ्यांपुढे चित्र नसतं, ते त्याला मनात काढायचं असतं, आणि त्याला लागेल तेवढीच उसंत. तिने माझ्या पुस्तकातला तुकडा घेऊन त्यावर आकडे घातले. "कोल्हा थांबला." अर्धा सेकंद. "त्याने कान टवकारले." एक सेकंद. "खाजणात काहीतरी वाजलं." दीड सेकंद. "चुबुक." आणि चुबुकनंतर पूर्ण दोन सेकंद, कारण मुलं हसतात, आणि हसण्याखाली पुढचं वाक्य बुडालं तर बिचारा कोल्हा का पळाला ते कोणालाच कळत नाही.

मी विचारलं, "मुलं नाही हसली तर?"

"मग दोन सेकंद शांतता राहील. ती तुमची."

चित्रांवरून आठवलं. पान १८ वर माझं एक वाक्य आहे: "आणि मग फुफूला हे दिसलं!" छापील पुस्तकात पुढचं सबंध पान चित्राचं आहे. निवेदिकेने "हे दिसलं!" असं वाचलं, तीन सेकंद थांबली आणि पुढच्या प्रकरणाला लागली. नमुना ऐकताना मी ओरडलो, "काय दिसलं ते सांगा की!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही लिहिलंच नाहीत तर ती काय सांगणार?" मग मी बसून चित्राची एक ओळ लिहिली: पाण्यापासून आभाळापर्यंत नुसते गुलाबी पाय. माझ्या अख्ख्या पुस्तकातली ही सगळ्यात बरी ओळ असल्याचं चित्रकाराने कळवलं, आणि ती त्याचीच असल्याचंही.

आजीचं आगरी बोलणं हा एक स्वतंत्र तमाशा झाला. मी पुस्तकात आगरी वाक्यं आत्मविश्वासाने लिहिली होती. नागपूरच्या निवेदिकेने ती तितक्याच आत्मविश्वासाने वाचली. तयार झालेली आजी करावे गावची नव्हती आणि वऱ्हाडातलीही नव्हती. तिचं सासर आणि माहेर दोन्ही कोणालाच सांगता येईना. शेवटी आमच्याकडे मासळी आणणाऱ्या मावशींना मी ते पान वाचून दाखवलं. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"असा कोन बोलतंय?" त्या म्हणाल्या.

"आजी."

"कनची आजी? आमची नाय."

मग त्यांनीच आजीची सगळी वाक्यं आपल्या पद्धतीने माझ्या फोनवर बोलून दिली. पाण्यातला ण गेला, डोळ्यातला ळ गेला, आणि माझी तीन वाक्यं त्यांना मुळातच फुकटची वाटली म्हणून तीही गेली. निवेदिकेने ती फीत कानाला लावून आजी पुन्हा केली, आणि नक्कल करायला जाऊ नका, फक्त ताल घ्या असं मी सांगायच्या आत तिने तेच केलं. त्या दिवशी सुरमईचा भाव मावशींनी कमी केला नाही, पण दोन बांगडे जास्त घातले.

ती रेकॉर्डिंग करते ते घरातल्या कपड्यांच्या कपाटात. आत चारी बाजूंना गोधड्या टांगलेल्या, कारण जाड सुती गोधडी आवाज जितका पिते तितकी पैठणी पीत नाही. माईक तोंडासमोर सरळ नसतो, जरा तिरका. सरळ धरला तर फ आणि भ उच्चारताना सुटणारा वारा माईकवर आदळून धप्प वाजतो. आणि मी नायकाचं नाव ठेवलं होतं फुफू. पंखा बंद, एसी बंद, अंगावर सळसळणारं काही नाही, हातात बांगड्या नाहीत. मे महिन्यात खारघरला कपाटात बसून खुनशी कोल्हा होणं म्हणजे काय, ते नुसतं लिहिणाऱ्याला कळायचं नाही. पोट रिकामं असेल तर तेही बोलतं, आणि माईकला ते पात्रांइतकंच स्पष्ट ऐकू जातं.

सगळ्यात अवघड रेकॉर्डिंग कोणतं, तर शांततेचं. मघाचे ते दीड आणि दोन सेकंद कोरे ठेवता येत नाहीत. कोरा तुकडा आला की कानाला वाटतं फोन बंद पडला. तिथे त्याच खोलीची, कोणी बोलत नसतानाची शांतता भरावी लागते, म्हणून सुरुवातीला अर्धं मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करतात. नवी मुंबईत अर्धं मिनिट! आधी शेजारच्या विंगेत टाइल कापणं सुरू होतं. ते थांबलं तर कुकर. कुकर थांबला तर भंगारवाला. डिसेंबर २०२५ पासून विमानतळ सुरू झाल्यावर तर वरूनही सोय झाली. शेवटी तिने रात्री अडीच वाजता शांतता मिळवली आणि मला मेसेज केला, "काका, मिळाली." मी तेव्हा जागाच होतो, निवटीबद्दलच्या आणखी काही सूचना लिहीत. मी लगेच फोन केला. तो तिच्या कपाटात वाजला.

पुस्तक अखेर तयार झालं, ४३ मिनिटांचं. मी ते नातवाला ऐकायला दिलं आणि शेजारी बसलो, त्याचा चेहरा बघत. त्याने सगळ्यात आधी पडद्यावर काहीतरी दाबलं.

"काय केलंस?"

"दीडपट केलं. सगळे असंच ऐकतात."

अर्ध्या, एका आणि दीड सेकंदाची सगळी थांबणी एका बोटात आखडली. कोल्हा चिनूच्या वेगाने येऊन गेला आणि चिनू तर काय बोलला ते त्यालाच ठाऊक. पण चुबुकला नातू हसला. फुफूच्या नाकातल्या सुराला लोळला. पान ४६ आल्यावर त्याने गोष्ट थांबवली, मागे गेला, कोल्ह्याचं पहिलं वाक्य पुन्हा लावलं, आणि या वेळी वेग साधा करून ऐकलं. ओठ मिटून, हळू, "ये. अजून पुढे ये."

"तरीच," तो म्हणाला.

मग शेवटी निवेदिकेचं नाव आलं आणि त्याने मान हलवली. "ही मावशी काय भारी गोष्ट सांगते! आजोबा, यात तुम्ही काय केलंत?"

"सूचना दिल्या," मी म्हणालो.

"किती?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवायला बसा आता, ते सांगायला लागले तर रात्र होईल."